कोल्हापुरात होमस्टे सुरू करताय? नवरात्रीचा रेट आणि पावसाळ्याचा रेट एकत्रच ठरवा

नवीन होमस्टेवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, की नवरात्रात किती लावू? आणि दुसरा प्रश्न जुलैमध्ये येतो, रूम रिकाम्या पडल्यात, किती कमी करू? माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, नवरात्रीचा रेट ठरवतानाच पावसाळ्याचा हिशेब हातात पाहिजे, कारण पावसाळ्यात जो खड्डा पडतो तो नवरात्र-दिवाळीच्या पैशानेच भरायचा असतो. तो खड्डा किती रुपयांचा आहे हे माहीत असलं की रेट अंदाजाने लावावा लागत नाही.

समजण्यासाठी एक घर धरूया. रंकाळ्याच्या बाजूला स्वतःचं घर, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी चार रूम, सकाळचा नाष्टा आणि चहा रेटमध्ये धरलेला. आकडे तुमचे वेगळे असतील, पण पद्धत हीच वापरा.

पायरी १: एक रूम एक रात्र द्यायला खिशातून किती जातात ते काढा

हा आकडा बहुतेक जण काढतच नाहीत. रूम रिकामी राहिली असती तर जो खर्च झालाच नसता, फक्त तेवढाच इथे धरायचा. चादरी, उशांची कव्हरं, दोन टॉवेल धुवून इस्त्री करायचे १२० रुपये. दोघांचा नाष्टा, पोहे किंवा शिरा आणि दोन वेळचा चहा, १४० रुपये. गिझर, एसी, पंखा मिळून लाईटचे १२०. साबण, फिनेल, पाण्याच्या बाटल्या वगैरे ४०. झाले ४२० रुपये. एसी नसेल तर कमी होईल, नाष्ट्याला मिसळ बाहेरून मागवत असाल तर वाढेल.

आता रूम भरो न भरो दर महिन्याला जाणारा खर्च वेगळा लिहा. कामाच्या मावशींचा पगार १२ हजार, नेट आणि टीव्ही दीड हजार, मोटार आणि जिन्यातले दिवे वगैरे अडीच हजार, दुरुस्तीसाठी बाजूला ५ हजार, रूम बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता १४ हजार. एकूण ३५ हजार. हे जुलैमध्ये पण जाणार आणि ऑक्टोबरमध्ये पण जाणार.

म्हणजे १,२०० ला रूम दिली तर हातात ७८० राहतात. तीच रूम बुकिंगच्या ॲपवरून गेली आणि ॲपचं कमिशन समजा १८ टक्के असेल तर त्यात २१६ जातात, उरले ५६४. म्हणून ॲपवरचा रेट आणि फोनवरचा रेट यातून हातात काय उरतं ते शेजारी-शेजारी लिहून ठेवा, नाहीतर रूम भरलेल्या दिसतात आणि बँकेत पैसे दिसत नाहीत. जीएसटी नोंदणी असेल तर तोही या हिशेबातून आधी बाजूला काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारपर्यंतच्या रूमला ५ टक्के आहे, तुम्हाला नोंदणी लागते का ते मात्र सीएलाच विचारा.

पायरी २: पंचांग घेऊन बसा, मागच्या वर्षीच्या तारखा कॉपी करू नका

इथे नवीन माणूस हमखास फसतो. मागच्या वर्षी ऑनलाईन कॅलेंडरमध्ये ज्या तारखांना जास्त रेट टाकला तोच यंदा पुढे ढकलला की झालं काम चुकीचं. २०२५ ला घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, त्यामुळे पुढचं सगळं सरकतं, घटस्थापना ११ ऑक्टोबर आणि दसरा २० ऑक्टोबर. म्हणजे २०२५ च्या तारखा तशाच ठेवल्या तर सप्टेंबरच्या शेवटी, पितृपक्ष तोंडावर असताना, तुमचा रेट आभाळाला आणि खऱ्या नवरात्रात साधा रेट, आणि ॲपवरून लोक तो साधा रेट बघून पटापट उचलून मोकळे होणार. अधिक महिन्यात लग्नं पण नसतात, त्यामुळे मे महिन्यात लग्नाच्या वऱ्हाडाच्या ज्या रूम जातात त्या २०२६ मध्ये १७ मेनंतर धरायच्या नाहीत, देवदर्शनाचे लोक मात्र अधिकात येतात.

जोतिबाची चैत्र यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे तीही तिथीवर. नृसिंहवाडीची दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. पण अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो किरणोत्सव तारखेवर, कारण तो सूर्याचा हिशेब आहे, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. त्याला बाहेरून थोडे लोक येतात, फोटो काढणारे येतात, पण नवरात्रासारखी गर्दी नसते, म्हणून त्या दिवसांना वीकेंडचा रेट ठेवा, पीकचा नको.

वर्षाचे चार गट पुरतात. पीकमध्ये नवरात्र, दिवाळी पाडव्यानंतरचा आठवडा, नाताळ ते १ जानेवारी, चैत्र यात्रा, सगळे मिळून साधारण ३० दिवस. मग हिवाळ्यातले वीकेंड, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना हा चांगला गट. नोव्हेंबर ते एप्रिलमधले बाकीचे मधले वार हा साधा गट. आणि जूनचा मध्य ते पितृपक्ष संपेपर्यंत, शिवाय फेब्रुवारी-मार्चमधले परीक्षेचे दिवस हा मंद गट, साधारण १२० दिवस. चारपेक्षा जास्त गट केले तर फोनवर रेट सांगताना तुमचाच गोंधळ होतो आणि एकाच दिवशी दोन माणसांना दोन रेट सांगितले जातात.

पायरी ३: आधी पावसाळ्याचा खड्डा मोजा

मंद गटाचा रेट १,२०० धरू, सगळं बुकिंग थेट फोनवरून. चार रूमच्या १२० दिवसात ४८० रात्री होतात. त्यातल्या २० टक्के भरल्या तर ९६, म्हणजे महिन्याला २४. एका रात्रीचे ७८० उरतात, म्हणजे महिन्याला १८,७२० रुपये. खर्च ३५ हजार. दर महिन्याला सोळा हजाराच्या वर कमी पडतात, चार महिन्यात ६५ हजार.

हे बघितल्यावर पहिला विचार येतो की रेट ९०० करू, जास्त लोक येतील. करून बघा कागदावर. ९०० मधून ४८० उरतात. तेच १८,७२० मिळवायला आता २४ ऐवजी ३९ रात्री भरायला पाहिजेत, म्हणजे दीडपटीपेक्षा जास्त. जुलैच्या पावसात ३०० रुपये वाचतात म्हणून पुण्याचं कुटुंब अंबाबाईला येत नाही हो, ज्याला यायचंय तो १,२०० ला पण येतोच. रेट पाडून फक्त एवढंच होतं की जे येणारच होते त्यांच्याकडून कमी घेतलं. शिवाय ९०० चा रेट एकदा ॲपवर दिसला की डिसेंबरमध्ये फोन येतो, ताई तुम्ही तर नऊशेला देता की.

मंद महिन्यात रेट पाडण्यापेक्षा गिऱ्हाईक बदला. पावसाचा आणि सुट्टीचा ज्यांच्या कामाशी संबंध नाही असे लोक कोल्हापुरात भरपूर येतात. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत मशीन बसवायला, दुरुस्त करायला येणारे इंजिनिअर आठवडा-आठवडा राहतात. कॉलेजच्या ॲडमिशनला पालक येतात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम इकडे येतं. सांगलीचा माणूस संध्याकाळी घरी जातो, पण सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकील आणि पक्षकार यांना रात्री राहावंच लागतं. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कोर्टाची मोठी सुट्टी मे, दिवाळी आणि नाताळात असते, म्हणजे आपल्याकडे टुरिस्टची गर्दी असते तेव्हाच हे लोक नसतात. एकाच रूमसाठी दोघांची भांडणं होत नाहीत.

यांना आठवड्याचा रेट द्या. एकटा माणूस सात रात्री राहिला तर चादर दोनदाच बदलायची, नाष्टा एकाचाच, एसी पावसाळ्यात फारसा लागत नाही. ४२० चा खर्च रात्रीला २१० वर येतो. म्हणजे रात्रीचे १,००० घेतले तरी ७९० उरतात, तुमच्या १,२०० वाल्या रेटपेक्षा दहा रुपये जास्तच, आणि सात दिवस रूम शोधायची कटकट नाही. फक्त त्यांना लागतं ते द्या, एक टेबल-खुर्ची, चालणारं नेट, जीएसटीचं नाही तरी सही-शिक्क्याचं बिल, आणि सकाळी साडेसातला नाष्टा. नऊला नाष्टा देणाऱ्या घरात कामाचा माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

पायरी ४: आता पीकचा रेट

पीकच्या ३० दिवसात चार रूमच्या १२० रात्री. सगळ्या भरत नाहीत, मध्ये एखादी रिकामी जाते, म्हणून १०० धरा. ६५ हजाराचा खड्डा या १०० रात्रींवर वाटला तर प्रत्येक रात्रीवर ६५० रुपये येतात. साधा रेट १,६०० असेल तर २,२५० हा तुमचा पीकचा खालचा आकडा झाला, याच्या खाली नवरात्रात रूम दिली तर पावसाळा अंगावर येणार. मग आजूबाजूचे काय घेतात, तुमच्याकडे पार्किंग आहे का, मंदिर चालत किती लांब, यावर त्याच्या वर जायचं. नवरात्रात मंदिराच्या भोवती गाड्या आत सोडत नाहीत, त्यामुळे फाटकाच्या आत गाडी लावायला मिळणं याची किंमत एसीपेक्षा जास्त आहे, हे जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा.

आपल्या घराला ३,२०० धरू. १०० रात्री, प्रत्येकी २,७८० उरले, २ लाख ७८ हजार. कोणी म्हणेल ४,५०० का नाही, लोक देतात की. देतात काही जण. पण समजा त्यामुळे १०० ऐवजी ६० रात्रीच गेल्या तर २ लाख ४४ हजार ८०० उरतात, तेहतीस हजार कमी, आणि वर ज्यांनी ४,५०० दिले ते घरगुती रूम बघून हॉटेलशी तुलना करून रिव्ह्यू लिहिणार. ते रिव्ह्यू वर्षभर राहतात.

नवरात्राचे सगळे दिवस पण सारखे नसतात. ललिता पंचमीला देवी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणा असते, त्यात मंगळवार, शुक्रवार, शनिवार-रविवार यांना मागणी जास्त. या दिवसांना ३,२०० ठेवा आणि मधल्या सोमवार-बुधवारी २,६०० केलं तरी चालतं. दसऱ्याचं सोनं लुटायला दसरा चौकात गर्दी असते पण ती बरीचशी गावातलीच, बाहेरचे पाहुणे दुपारपर्यंत निघायला लागतात, म्हणून दसऱ्याच्या रात्रीला पीक रेट लावून वाट बघत बसू नका.

कमीत कमी दोन रात्रीची अट दिवाळीत आणि नाताळात लावा, कारण ते लोक पन्हाळा, खिद्रापूर, कणेरी मठ करत दोन-तीन दिवस राहतात आणि शनिवारची एकच रात्र कोणी घेतली तर शुक्रवार आणि रविवार दोन्ही वाया जातात. नवरात्रात मात्र ही अट लावू नका. दर्शनाला येणारा एकच रात्र राहतो, त्याला दोनची अट सांगितली की तो फोन ठेवतो.

तो येतो पण पहाटे. रात्रीच्या गाडीने किंवा मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरतो आणि म्हणतो आंघोळ करून दर्शनाला जायचंय. तुमचा चेक-इन दुपारी बाराचा. आदल्या रात्री ती रूम रिकामी असेल तरच सकाळी देता येते, म्हणून लवकर चेक-इनचे ५०० वेगळे सांगा आणि "रूम मोकळी असेल तर" हे मेसेजमध्ये लिहून द्या, तोंडी नको. जिन्याखाली एक बाथरूम असेल तर तिथे आंघोळीची आणि सामान ठेवायची सोय फुकट करा, त्याला खर्च गरम पाण्याचा आणि टॉवेलचा, पण माणूस खूश होऊन जातो.

चैत्र यात्रेचं वेगळंच आहे. जोतिबाला जाऊन आलेला माणूस गुलालाने न्हालेला असतो, कानात, केसात, बनियनवर, सगळीकडे. पांढऱ्या चादरीवर एकदा झोपला की ती गुलाबी चादर कितीही ब्लीच केली तरी कडेला छटा राहतेच, उशीचं कव्हर तर गेलंच. त्या दोन-तीन दिवसांसाठी गडद लाल किंवा मरून चादरी आणि जुने टॉवेल काढून ठेवा, दारातच पाय आणि डोकं धुवायला नळ-बादली ठेवा, आणि रात्रीच्या खर्चात ४२० ऐवजी ५५० धरून रेट काढा. ग्रुप मोठा असतो, चारही रूम एकदम मागतात, त्यांना रूममागे २०० कमी करायला हरकत नाही पण माणसं किती ते आधी ठरवा, नाहीतर आठ म्हणून सोळा येतात.

पायरी ५: ॲडव्हान्स, कॅन्सल, आणि पूर

पीकला निम्मी रक्कम आधी घ्या. सात दिवसाच्या आत कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत पण सहा महिन्यात मंद किंवा साध्या दिवसात तारीख बदलून मिळेल, असं ठेवा. यातून दोन्ही बाजूचं काम होतं, पाहुण्याचे पैसे बुडत नाहीत आणि तुमची जानेवारीतली मंगळवारची रूम भरते.

पावसाळ्यात उलटं. २०१९ आणि २०२१ ला पुराने शिरोलीजवळ हायवेच बंद होता, पाहुणा येणार कसा? पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. माझा नियम असा की पाणी ३९ ला लागलं की पुढच्या तीन दिवसातल्या सगळ्या पाहुण्यांना मीच फोन करते, पाहिजे तर पूर्ण पैसे परत, पाहिजे तर तारीख बदला. मंद महिन्यात ॲडव्हान्स तसाही पाचशे-हजारच असतो, तो अडवून धरण्यात काही मिळत नाही आणि असा फोन गेलेला माणूस दिवाळीत दुसरीकडे बघत नाही.

पायरी ६: वही ठेवा, नाही म्हटलेल्यांची पण

आलेल्या पाहुण्यांची नोंद सगळेच ठेवतात. रेट बरोबर आहे का हे कळतं ते न आलेल्यांच्या नोंदीतून. प्रत्येक फोनला एक ओळ लिहा, कुठल्या तारखेसाठी, किती रूम, काय रेट सांगितला, आणि काय झालं. नवरात्राच्या दोन महिने आधीच चारही रूम गेल्या आणि त्यानंतर रोज फोन नाकारताय, म्हणजे रेट कमी होता. फोन येतात, तारीख विचारतात, रेट ऐकून "सांगतो" म्हणतात आणि गायब होतात, शेजारचे मात्र भरलेत, म्हणजे रेट जास्त. आणि फोनच येत नसतील तर रेटला हात लावू नका, तो प्रश्न फोटोंचा, लोकेशनचा किंवा लिस्टिंगचा आहे.

नवरात्राला पंधरा दिवस उरले आणि दोन रूम अजून मोकळ्या असतील तर काय करायचं? सरळ रेट उतरवला तर ज्याने महिनाभर आधी ३,२०० ला घेतली तो नाष्ट्याच्या टेबलवर दुसऱ्याचा रेट ऐकणार, आणि ऐकतातच. त्याऐवजी ३,२०० च ठेवून लवकर चेक-इन किंवा संध्याकाळचं घरचं जेवण आत घाला, आणि हेच आधीच्यांना पण द्या. आठवडा उरला तरी तीच परिस्थिती असेल तर मधल्या वारांचा २,६०० चा रेट सगळ्यांना लावा, आधी घेतलेल्यांचे फरकाचे पैसे परत करा. त्याने दोनेक हजार जातात पण दरवर्षी येणारं घर टिकतं.

दरवर्षी येणाऱ्या कुटुंबांना गणपतीत फोन करायचा, रेट ॲपवर टाकायच्या आधी, आणि त्यांना ठरलेल्या रेटमध्ये दहा टक्के सूट द्यायची, कमिशन वाचतंच आहे. त्याच वेळी घरात पण विचारून घ्या की नवरात्रात कुठले पाव्हणे येणार आहेत. सांगलीची आत्या पंचमीला येणार असेल तर ती रूम आजच कॅलेंडरमध्ये बंद करा, कारण ऐनवेळी गिऱ्हाईकाला पण नाही म्हणता येत नाही आणि आत्याला तर नाहीच नाही.

दसरा झाला की कोजागिरीच्या आत वही घेऊन बसायचं. पीकच्या कमाईतले ६५ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, ते पुढच्या जूनपर्यंत काढायचे नाहीत. मग नाकारलेले फोन मोजायचे, कुठल्या दिवशी जास्त होते ते बघायचं, आणि पुढच्या वर्षीचं पंचांग उघडून त्या तिथीसमोर नवीन रेट पेन्सिलने लिहून ठेवायचा.